मे-जूनमध्ये घर हलवताय? गाडी लागायच्या आत ट्रान्झिट इन्शुरन्सचं काम असं उरका

पॅकर्स-मूव्हर्सच्या धंद्यात माझं काम सर्व्हेचं. लोकांच्या घरी जायचं, कपाटं आणि माळे उघडायला लावायचे, सामान मोजायचं आणि गाडी केवढी लागेल ते सांगायचं. एप्रिल सरला की फोन थांबत नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या 2005 च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल-मे महिन्यांत होतात. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून पोरांच्या सुट्टीतच हलायचं असतं. शिवाय मृग लागायच्या आत सामान पोचलेलं बरं, हे प्रत्येकाच्या डोक्यात असतंच. परिणाम असा की सगळ्यांना 25 मे ते 5 जून याच दहा-बारा दिवसांतली तारीख हवी असते.

लवकर बुकिंग करा, असं आम्ही सगळेच सांगतो आणि लोकांना वाटतं की हा धंद्याचा आग्रह आहे. थोडा आहेच. भाडंही गर्दीत चढतं, ते वेगळं. पण माझ्या मते खरं कारण ट्रान्झिट इन्शुरन्सचं, म्हणजे वाटेतल्या सामानाच्या विम्याचं आहे. नुकसानीचे पैसे मिळणार की नाही, हे अपघात झाल्यावर ठरत नाही. सामानाची यादी, त्याची जाहीर केलेली किंमत, पॅकिंग आणि कागद या चार गोष्टींवर ते गाडीचं दार बंद होण्याआधीच ठरलेलं असतं. आणि घाईत नेमक्या याच चार गोष्टी राहून जातात.

पाच आठवडे आधी: सर्व्हे

हलायची तारीख नक्की नसली तरी सर्व्हे करून घ्या. तो बहुतेक ठिकाणी फुकट असतो. हल्ली व्हिडिओ कॉलवरही होतो, पण फोन हॉलमध्ये फिरवून थांबू नका. माळा, बाल्कनी, दिवाणाच्या आतली जागा आणि देवघराखालचं कपाट दाखवा. दोन बेडरूमच्या घरात लोक मला तोंडी तीस खोकी सांगतात, आणि माळा उघडला की त्यात आणखी दहा-पंधरा निघतात. मोजलेल्यापेक्षा सामान जास्त निघालं की गाडी भरताना दोनच मार्ग उरतात: ऐन वेळी जादा पैसे, किंवा कोंबाकोंबी. दुसऱ्या मार्गाचा हिशोब पुढे फुटलेल्या काचेत चुकता होतो.

सर्व्हेच्या वेळी दोन गोष्टी विचारून लेखी घ्या. पहिली, गाडी फक्त तुमच्या सामानाची की पार्ट लोड? पार्ट लोड स्वस्त पडतो, कारण एकाच गाडीत दोन-तीन घरांचं सामान जातं. पण त्यात बऱ्याचदा सामान वाटेत गोडाऊनमध्ये उतरून दुसऱ्या गाडीत चढतं. म्हणजे दोनदाऐवजी चारदा हाताळणी, आणि पोचायची तारीखही सैल. दुसरी, गाडी कोणाची? गर्दीच्या दिवसांत अनेक मूव्हर बाहेरच्या ट्रान्सपोर्टची गाडी लावतात. त्यात गैर काही नाही, पण बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती, कोणाच्या नावाची निघणार ते आताच कळायला हवं. ते का, हे पुढे येईल.

"इन्शुरन्स तीन टक्के" म्हणजे नक्की काय

कोटेशनमध्ये भाडं, पॅकिंग, चढवण्या-उतरवण्याची मजुरी आणि जीएसटी अशा ओळी असतात आणि त्याखाली एक ओळ असते: "इन्शुरन्स, सामानाच्या किमतीच्या इतके टक्के". बहुतेक लोक इथे दराची घासाघीस करतात. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा विमा कोणत्या कंपनीचा, आणि माझ्या नावाचं सर्टिफिकेट मला कधी मिळणार?

कारण या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे खरा विमा. मूव्हरकडे विमा कंपनीची खुली पॉलिसी असते, तो तुमची खेप तिच्यात जाहीर करतो आणि त्याचं सर्टिफिकेट निघतं. त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, कुठून कुठे, विमा रक्कम आणि तुमचं नाव असतं. दुसरी गोष्ट म्हणजे मूव्हरनं स्वतःच घेतलेली जोखीम, म्हणजे "काही फुटलं तर आम्ही बघू". त्याची पावती मूव्हरच्याच लेटरहेडवर असते. हा विमा नव्हे. मूव्हर प्रामाणिक असेल तर पैसे मिळतील, नसेल तर तुम्ही आणि तुमचा फोन. विमा विकायचा परवाना विमा नियामक आयआरडीएआयकडून मिळतो, मूव्हरच्या ऑफिसातून नाही.

खऱ्या विम्यातही प्रकार आहेत. देशांतर्गत वाहतुकीसाठी आपल्याकडे इनलँड ट्रान्झिट क्लॉज वापरतात: ए, बी आणि सी. सी सगळ्यात तोकडा, त्यात फक्त आग आणि वीज पडणं येतं. बीमध्ये त्याशिवाय गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं असे अपघात येतात. म्हणजे गाडी सुखरूप पोचली आणि आतल्या आत टीव्ही फुटला, तर बीमध्ये एक रुपयाही मिळत नाही. एमध्ये, ज्या गोष्टी स्पष्ट वगळल्या आहेत त्या सोडून सगळी जोखीम येते. जुन्या घरसामानाला सगळ्याच कंपन्या ए देत नाहीत, म्हणून सर्टिफिकेटवर कोणतं अक्षर आहे ते वाचा. एवढं एक अक्षर वाचलं तरी अर्धं काम झालं.

आता एमध्येही काय वगळलेलं असतं? अपुरं किंवा अयोग्य पॅकिंग, नेहमीची झीज, उशिरामुळे झालेलं नुकसान, वस्तूतला मूळचा दोष. वापरलेल्या सामानाच्या पॉलिसीत याच्या जोडीला ओरखडे आणि पोचे बऱ्याचदा वगळतात. बाहेरून काही दिसत नसताना यंत्र आतून बंद पडलं, तर तेही. दंगल-संपाची जोखीम वेगळी घ्यावी लागते. रोकड आणि दागिने घरसामानाच्या विम्यात धरू नका, ते स्वतःबरोबर न्या. मुलांचे दाखले आणि घराची कागदपत्रंही.

एका घराचा हिशोब

पुण्याहून नागपूरला बदली झालेल्या एका बँकेतल्या बाईंचं उदाहरण सांगतो. काम दुसऱ्या मूव्हरनं केलं होतं, त्या माझ्याकडे फक्त कागद घेऊन आल्या होत्या. "दादा, विमा काढलाय, ए आहे, तरी पैसे का कापले ते सांगा."

बुकिंग त्यांनी गाडी लागायच्या चार दिवस आधी केलं होतं, मेच्या शेवटच्या आठवड्यात. घाईत किंमत विचारली तेव्हा त्यांच्या यजमानांनी "दोन लाख लिहा" म्हणून सांगितलं. दर दीड टक्का, म्हणजे 3,000 रुपये. सामान खरं तर वापरलेल्या भावानं चार लाखांचं होतं. बरोबर लिहिलं असतं तर 6,000 लागले असते, म्हणजे वाचले 3,000.

नागपूरला तीन गोष्टी बिघडलेल्या निघाल्या. टीव्हीचा पडदा तडकला होता. फ्रिज दिसायला ठीक होता, पण थंड होत नव्हता. आणि एका खोक्यातला डिनर सेट फुटला होता.

टीव्हीची त्या वेळची किंमत विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं 24,000 धरली, पण मंजूर केले 12,000. कारण चार लाखांच्या सामानाचा विमा दोन लाखांचा होता, म्हणजे निम्म्या सामानाचा विमा त्यांनी उतरवलाच नव्हता, असं विमा कंपनी धरते. म्हणून प्रत्येक नुकसानीचंही निम्मंच देते. लोकांचा समज असा की "दोन लाखांपर्यंत पूर्ण मिळतं". तसं नसतं. जेवढ्या टक्क्यांचा विमा, तेवढेच टक्के नुकसानभरपाई, मग नुकसान कितीही लहान असो. 3,000 वाचवायला गेले आणि एका टीव्हीत 12,000 गेले.

फ्रिजचा क्लेम पूर्ण नाकारला, कारण बाहेर धक्क्याची खूण नव्हती आणि पॉलिसीत आतला बिघाड वगळलेला होता. शिवाय निघायच्या दिवशी फ्रिज चालू होता याचा पुरावाही नव्हता.

डिनर सेटचं खोकं बाईंनी स्वतः भरलं होतं, आदल्या रात्री, साड्यांमध्ये गुंडाळून. पॅकिंग लिस्टवर त्या खोक्यापुढे "ग्राहकाने भरलेले" असं लिहिलं होतं आणि त्यांनी सही केली होती. अपुऱ्या पॅकिंगच्या कलमाखाली तेही गेलं.

यात कोणी फसवलेलं नव्हतं. पॉलिसी खरी होती, अक्षरही ए होतं. चार दिवसांत जे होणार होतं तेच झालं.

तीन आठवडे आधी: किंमत, यादी, बुकिंग

बुकिंग पक्कं करायला तीन ते चार आठवडे आधीची वेळ योग्य. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मेच्या 10 ते 20 तारखेत तीच टोळी तुमच्या घरी निवांत पॅकिंग करते, जी 31 तारखेला सकाळी एक घर आणि दुपारी दुसरं घर उरकत असते. मजुरांतले बरेच जण लग्नं आणि शेतीची कामं म्हणून याच दिवसांत गावी जातात, मग नाक्यावरचे नवखे हात येतात. काचेच्या ताटल्या खोक्यात आडव्या रचणारा माणूस दिसला की समजा, हा आज पहिल्यांदाच आलाय.

ॲडव्हान्स थोडाच द्या आणि उरलेली रक्कम कधी द्यायची ते कोटेशनवर लिहून घ्या. मोठा हिस्सा सामान उतरल्यावर. बाजारभावापेक्षा फारच कमी सांगून सामान चढल्यावर रक्कम वाढवणारे आणि वाटेत माल अडवून धरणारे गर्दीच्या दिवसांत जास्त भेटतात. त्यांच्यावर उपाय एकच: लेखी, सगळं धरून ठरलेली रक्कम आणि कंपनीचा जीएसटी नंबर. तारीख बदलली तर काय, हेही त्याच कागदावर असावं. बदलीचा हुकूम पुढे-मागे होऊ शकतो.

आता यादी. एका रविवारी बसून खोलीवार लिहा: वस्तू, कधी घेतली, आज तशीच वापरलेली घ्यायची झाली तर अंदाजे किती. नव्या वस्तूची किंमत लावू नका, कारण पॉलिसी वापरलेल्या किमतीवर असेल तर जास्तीचा हप्ता फुकट जातो. अंदाज फार फुगवू नका, फार दाबूही नका. भांडी, कपडे, पुस्तकं यांची एकेक ओळीत ठोक रक्कम चालते, पण ती लिहा. बेरीज करताना लोक फ्रिज-टीव्ही-सोफा धरतात आणि स्वयंपाकघर विसरतात. सगळी भांडी एकत्र धरली तर आकडा बघून घरधनी चकित होतो.

सर्टिफिकेट गाडी भरायच्या आधीच्या तारखेचं हवं. "पोचल्यावर पाठवतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. गाडी निघाल्यावर विमा निघत नाही, आणि नुकसान झाल्यावर तर मुळीच नाही.

नवं घर ताब्यात यायला उशीर होणार असेल तर तेही आत्ताच सांगा. ट्रान्झिट विमा प्रवासाचा असतो. गाडी त्या गावी पोचल्यावर साधारण सात दिवसांत तो संपतो. नंतर सामान गोडाऊनमध्ये राहिलं तर त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

शेवटचे दोन दिवस

फ्रिज एक दिवस आधी बंद करून रिकामा करा, बर्फ वितळून पाणी पुसलं जाऊ द्या. बंद करण्यापूर्वी, चालू असताना एक व्हिडिओ काढा: दार उघडून आतला दिवा, चारही बाजू. टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी यांचेही असेच अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ. आतला बिघाड पॉलिसीत वगळलेला असेल तर व्हिडिओमुळे तो क्लेम पास होणार नाही, पण धक्का बसल्याची खूण असेल तर "आधीपासूनच बंद होतं" हा वाद तरी मिटतो.

समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट शोधा. मशीन नवीन आलं तेव्हा मागच्या बाजूनं काढून पिशवीत दिलेले ते लांब स्क्रू. ते लावल्याशिवाय ड्रम आत मोकळा हलतो आणि शेकडो किलोमीटर खड्ड्यांतून गेल्यावर मशीन कपडे पिळायला लागलं की घरभर नाचतं. बोल्ट हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरकडे मिळतात, पण त्यालाही आठवडा हवा. (आमच्याकडे दर तिसऱ्या घरात हे बोल्ट "कुठेतरी जपून ठेवलेले" असतात.)

फुटणारं काहीही स्वतः भरू नका, कितीही काळजीनं भरलं तरी. कपडे, पांघरुणं, पुस्तकं हवी तर भरा, आणि पुस्तकांना लहान खोकी घ्या, नाहीतर तळ निसटतो. ताटल्या-बशा प्रत्येकी गुंडाळून खोक्यात उभ्या लावायच्या, तळाला आणि वर कागदाच्या गोळ्यांचा थर. खोकं बंद करून हलवलं तर आवाज येता कामा नये. टीव्हीला मूळ खोकं नसेल तर पुठ्ठा-फोमवर लाकडी चौकट मागा. त्याचे जादा पैसे लागतात आणि ते द्यावेत. पॉलिश केलेल्या लाकडावर प्लॅस्टिक थेट गुंडाळू देऊ नका. मेच्या उन्हात बंद गाडीत बबल रॅपचे डाग पॉलिशवर उठतात. आधी कापड किंवा कागद, मग प्लॅस्टिक.

गॅस सिलिंडर गाडीत चढवू नका. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, त्यावर नव्या गावी कनेक्शन मिळतं.

पॅकिंग लिस्ट ही मजुरांची औपचारिकता नव्हे, क्लेमचा तो पहिला कागद आहे. प्रत्येक खोक्याला नंबर आणि लिस्टवर त्या नंबरपुढे आतलं सामान हवं. "किचन" एवढंच लिहिलेलं खोकं हरवलं तर त्यात मिक्सर होता हे सिद्ध करणार कसं? वस्तूच्या स्थितीचा रकाना असेल तर तोही वाचा. अनेक लिस्टवर सगळ्याच वस्तूंपुढे आधीच "जुने, ओरखडे" छापलेलं असतं. जिथे ओरखडा नाही तिथे खोडून सही करा.

बिल्टी हातात घेतल्याशिवाय गाडी सोडू नका

बिल्टी, म्हणजे एलआर, हा वाहतूकदारानं माल स्वीकारल्याचा पुरावा. तिच्यावर गाडी नंबर, खोक्यांची संख्या, जाहीर किंमत आणि तुमचं नाव पाहा. ती गाडी चालवणाऱ्या ट्रान्सपोर्टची असेल आणि मूव्हरची वेगळी पावती असेल, तर दोन्ही घ्या. 2007 चा रस्ते वाहतूक कायदा ज्यानं माल स्वीकारला त्या वाहतूकदाराला जबाबदार धरतो; त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नसते. पण बिल्टीच नसेल तर माल कोणी स्वीकारला इथपासूनच वाद सुरू होतो. ही जबाबदारीही अमर्याद नाही. 2011 च्या नियमांप्रमाणे, जास्त दरानं जास्त जोखीम घेतलेली नसेल, तर ती भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नसते. पुन्हा तीच दोन लाखांची गोष्ट.

ई-वे बिलाची भीती घालून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, पॅकिंग लिस्ट आणि बिल्टी सोबत असली की पुरे.

सामान उतरताना

एक माणूस दाराशी फक्त नंबर टिपायला बसवा. टीव्ही, काच, फ्रिज मजूर असतानाच उघडा. तडा, ओलं खोकं, फाटलेली पट्टी, जे दिसेल ते पोच पावतीवर सहीच्या आधी लिहा: "खोके क्र. 14 ओले, टीव्हीच्या चौकटीला तडा". माणसं घाई करतील, "साहेब, सही करा, नंतर बघू" म्हणतील. कोरी सही म्हणजे सगळं नीट मिळाल्याची कबुली. सगळी खोकी लगेच उघडणं शक्य नसतं, तेव्हा "आतील सामान तपासणे बाकी" एवढं तरी लिहा.

फ्रिज उभा ठेवून काही तास थांबा, मग चालू करा. प्रवासात आडवा गेला असेल तर दिवसभर थांबलेलं बरं.

नुकसान दिसलं तर फोटो काढा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला आणि मूव्हरला ईमेल करा. फुटलेली वस्तू आणि तिचं पॅकिंग सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. पॅकिंग बरोबर होतं हे तोच पुठ्ठा आणि तीच चौकट सांगणार असते. मूव्हर "दोन हजार घ्या आणि तक्रार नाही म्हणून लिहून द्या" असं म्हणाला तर थांबा. विमा कंपनी पैसे दिल्यावर ते वाहतूकदाराकडून वसूल करायचा हक्क तुमच्याकडून घेते. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिला असेल तर क्लेमही अडचणीत येतो.

वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. त्याची मुदत 180 दिवसांची आहे आणि ती सामान मिळाल्यापासून नाही, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. नोटिशीची प्रत विमा कंपनीही मागते, म्हणून क्लेम फॉर्मबरोबर ती, बिल्टी, पॅकिंग लिस्ट, शेरा मारलेली पोच पावती आणि सर्टिफिकेट अशी पाच कागदांची फाईल पहिल्या आठवड्यातच लावून ठेवा.